हउमै आणि तिचं औषध: शीख शिकवणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नांदेडला जाऊन आलेले किंवा गुरबाणी नुकती ऐकू लागलेले मराठी लोक पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, ते इथे घेतले आहेत. बहुतेक उत्तरं 'आसा दी वार' या रचनेच्या आधाराने दिली आहेत. ही वार गुरुद्वारांमध्ये पहाटे गायली जाते आणि हउमैबद्दलचं सगळ्यात नेमकं बोलणं तिच्यात सापडतं. 'अंग' म्हणजे गुरु ग्रंथ साहिबचं पान. ग्रंथाला देह मानतात, म्हणून पानाला अंग म्हणतात. एकूण अंगं १४३०.

हउमै म्हणजे अहंकारच ना?

नाही, आणि हा घोळ सुरुवातीलाच मिटवलेला बरा. काम, क्रोध, लोभ, मोह, अहंकार या पाच विकारांच्या यादीत अहंकार आहेच. तो म्हणजे गर्व, ताठा. हउमै त्या यादीत नाही, कारण ती या पाचांच्याही खाली आहे. शब्द फोडून पाहा: 'हउ' म्हणजे मी आणि 'मै' म्हणजेही मी. 'मी-मी'. मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द 'मीपणा', पण आपण तोही बढाईखोर माणसासाठीच वापरतो. हउमै म्हणजे 'मी सगळ्यांहून वेगळा आहे, करणारा मी आहे, भोगणारा मी आहे' हा मुळातला समज. तो बढाई न मारणाऱ्यातही असतो.

मग साध्या, सरळ, पापभीरू माणसालाही हउमै असते?

असते. गुरु नानकांचं म्हणणं इथेच बोचतं. आसा दी वारमध्ये (अंग ४६६) त्यांचा एक सलोक आहे, त्याची जवळजवळ प्रत्येक ओळ 'हउ विचि' म्हणजे 'मीपणात' अशी सुरू होते. माणूस मीपणात येतो, मीपणात जातो. मीपणात देतो, मीपणात घेतो. मीपणात कमावतो आणि मीपणातच गमावतो. इथवर आपण मान डोलावतो. पण पुढे येतं, 'हउ विचि सचिआरु कूड़िआरु': खरा ठरतो तोही मीपणात आणि खोटा ठरतो तोही. पाप-पुण्याचा विचार मीपणात. मूर्ख मीपणात, शहाणाही मीपणात. आणि एक ओळ तर अशी आहे की धार्मिक माणसाने दोनदा वाचावी: 'हउ विचि भरीऐ हउ विचि धोवै'. मीपणात मळतो आणि तो मळ धुतो तेही मीपणातच.

म्हणजे दुर्गुण काढून सद्गुण भरले की काम झालं, असं इथे नाही. चोरी करणारा 'मी' जसा तिथे आहे, तसाच दान करणारा 'मी'सुद्धा आहे. दुसरा पहिल्यापेक्षा भला, हे खरंच. पण भिंत दोघांच्याही समोर उभी आहे. भिंत हा शब्द मी पदरचा घातलेला नाही. गुरु नानकांच्या 'जपुजी' या रचनेच्या पहिल्याच पौडीत, म्हणजे कडव्यात, प्रश्न आहे, 'किव कूड़ै तुटै पालि', खोटेपणाची ही भिंत कशी तुटेल?

सलोकाच्या शेवटाकडे किल्ली दिली आहे: 'हउमै बूझै ता दरु सूझै'. हउमै कळली की दार दिसतं. 'मारली की' असं म्हटलेलं नाही, 'कळली की' म्हटलं आहे.

ही हउमै आली कुठून?

हाच प्रश्न त्याच अंगावर दुसरे गुरु, गुरु अंगद, विचारतात. हउमै कुठून उपजते आणि कोणत्या उपायाने जाते? पहिल्या भागाचं उत्तर ऐकून नवखा माणूस चक्रावतो: 'हउमै एहो हुकमु है'. तीही हुकमातच आहे.

हुकूम म्हणजे सृष्टी चालवणारी ईश्वरी व्यवस्था. तिच्याबाहेर काही नाही, त्यामुळे हउमैही बाहेर नाही. इथे सैतान नाही, कुणी शत्रू येऊन हे विष पेरून गेलेला नाही. वेगळेपणाची जाणीव असल्याशिवाय माणूस म्हणून वावरताच येणार नाही. तेवढी ती व्यवस्थेनेच दिली आहे. पुढे केलेल्या कर्मांची सवय जडत जाते आणि त्या सवयीच्या चाकोरीत माणूस फिरत राहतो. 'पइऐ किरति फिराहि' याचा अर्थ हाच.

याचा एक फायदा असा की स्वतःला शिव्याशाप देत बसायचं कारण उरत नाही. 'मी किती वाईट, माझा मीपणा जातच नाही' या वाक्यात 'मी' आणि 'माझा' किती वेळा आला ते मोजा.

'हउमै दीरघ रोगु है दारू भी इसु माहि'. आजारातच औषध कसं असेल?

आधी शब्दाचं बघू. ही 'दारू' म्हणजे आपल्या 'दवादारू'तली दारू, औषध. गुत्त्यातली नव्हे. मराठी श्रोत्यांमध्ये या ओळीला हमखास खसखस पिकते, म्हणून सांगितलं.

आता अर्थ. गुरु अंगद म्हणतात, रोग जुनाट आहे, लांबत जाणारा आहे, पण औषधही यातच आहे. 'यातच' म्हणजे नेमकं कशात, याची उकल दोन तऱ्हांनी करतात. एक साधी: रोग दीर्घ असला तरी असाध्य नाही. दुसरी जरा खोल, आणि मला तीच पटते. 'मी'ची जी जाणीव माणसाला वेगळं पाडते, तीच जाणीव स्वतःकडे वळून बघूही शकते. दगडाला हउमै नाही, पण दगडाला आपण वेगळे पडलोत हेही कळत नाही. 'मी कोण' हा प्रश्न ज्याला 'मी' आहे त्यालाच पडतो. रोगाची जागा आणि औषधाची जागा एकच आहे.

पण औषध आत आहे म्हणून ते आपोआप लागू पडत नाही. पुढची ओळ अट घालते: 'किरपा करे जे आपणी ता गुर का सबदु कमाहि'. त्याची कृपा झाली तर माणूस गुरूचा शब्द 'कमावतो'. कमावणं हे क्रियापद महत्त्वाचं आहे. शब्द ऐकायचा नाही, पाठ करून मिरवायचा नाही, तर घाम गाळून अंगी आणायचा. आणि तरीही ती कमाई आपली नाही, कारण आधी कृपा आली आहे. मेहनत पूर्ण करायची पण श्रेय घ्यायचं नाही, अशी ही मोठी कोंडी आहे. श्रेय घेतलं की औषधाचाच पुन्हा रोग होतो.

गुरु अंगदांनी हे औषध स्वतः घेतलं होतं. गुरु होण्यापूर्वी ते भाई लहणा होते, देवीच्या यात्रेकरूंचा जथा घेऊन जाणारे पुढारी. परंपरेतली कथा अशी की गुरु नानकांकडे आल्यावर त्यांनी चिखल गळणाऱ्या ओल्या गवताचा भारा डोक्यावर घेतला. चांगले कपडे मातीने भरले, पण त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. नानकांनी १५३९ मध्ये गादी मुलांना दिली नाही, या लहणांना दिली.

मग उपाय रोजच्या दिवसात कसा दिसतो?

मुळात उपाय एकच आहे: हुकूम ओळखणं. जपुजीची दुसरी पौडी सांगते की ज्याला हुकूम कळला तो 'मी-मी' म्हणत नाही. नाम, संगत आणि सेवा ही ते कळण्याची साधनं आहेत.

पहाटे उठून नाम जपायचं, बाणी म्हणायची. ग्रंथ उघडून त्या दिवसाचा जो शबद समोर येतो, त्याला हुकमनामाच म्हणतात. तो आपल्या आवडीचा निवडायचा नसतो, समोर येईल तो ऐकायचा. हा प्रकार साधा दिसतो, पण सकाळी पहिलंच काम आपल्या पसंतीने न होणं, हीच त्यातली मात्रा आहे.

मग संगत आणि पंगत. लंगरमध्ये सगळे एका ओळीत जमिनीवर बसतात आणि प्रसादाची पोळी दोन्ही हातांची ओंजळ करून घेतात. हात वर करून 'इकडे द्या' म्हणणारा आणि ओंजळ पुढे करणारा, दोघांना पोळी एकच मिळते. पण ओंजळ करताना खांदे आपोआप खाली येतात.

आणि सेवा. तिची सगळ्यात बोलकी जागा म्हणजे जोडाघर, जिथे भाविकांच्या चपला-बूट घेऊन ठेवतात, पुसूनही देतात. शीख धर्मपीठ चुकलेल्याला जी शिक्षा देतं तिला 'तनखाह' म्हणतात. तिच्यात बाणीच्या पाठाबरोबर पुष्कळदा जोडे पुसणं आणि लंगरची भांडी घासणं असतं. राजकारणात मोठी पदं भूषवलेल्यांनाही ती चुकलेली नाही. म्हणजे ज्याला आपण शिक्षा समजू तेच काम शेजारी बसलेला दुसरा माणूस आपखुशीने करत असतो. बाहेरून दोघांत फरक दिसत नाही.

सेवा करून उलट 'मी सेवेकरी' हा नवा अहंकार येत नाही का?

येतो, आणि गुरबाणीला ते पक्कं ठाऊक आहे. तिसरे गुरु अमरदास (अंग ५६०) म्हणतात, हउमैचं नामाशी वैर आहे, दोन्ही एका ठिकाणी राहत नाहीत. आणि लगेच: 'हउमै विचि सेवा न होवई'. मीपणात सेवा होतच नाही. कमी होते किंवा डागाळते असं नाही, होतच नाही. हातांनी भांडी घासली गेली, इतकंच.

हे म्हणणारे अमरदास सांगोवांगी बोलत नव्हते. उतारवयात, वयाने आपल्याहून लहान असलेल्या गुरु अंगदांसाठी, ते वर्षानुवर्षं पहाटे नदीवरून पाण्याची घागर आणत. हे सगळं शीख परंपरेत सविस्तर येतं.

सेवा कशी नासते याची एक कथा मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण तिचा पुरावा खुद्द ग्रंथात बसला आहे. सत्ता आणि बलवंड हे गुरूंच्या दरबारातले गायक. परंपरा सांगते की घरातल्या लग्नासाठी त्यांनी पाचवे गुरु अर्जनदेव यांच्याकडे एका दिवसाचा चढावा, म्हणजे भाविकांनी वाहिलेलं धन, मागितलं. नेमका त्या दिवशी चढावा थोडा आला. दोघे बिथरले आणि म्हणाले, आमच्या गाण्यामुळे तर तुमच्याकडे माणसं येतात, आम्ही गायलो नाही तर तुम्हाला कोण विचारतो? गाणं थांबवून ते घरी बसले.

यात काय घडलं ते पाहा. वर्षानुवर्षं ते गुरूचीच स्तुती गात होते, शब्द तेच, सूर तेच. पण गाण्याचा हिशेब आत कुठेतरी साठत होता. मनाजोगा दाम मिळाला तोवर तो दिसला नाही, कमी मिळाला त्या दिवशी बाहेर पडला. हउमै ओळखण्याची खूण हीच: मोबदला, मग तो पैशाचा असो की कौतुकाचा, बंद झाला की सेवा सुरू राहते का?

गुरूंनी संगतीला सांगितलं की आता तुम्हीच गा. साधी माणसं कीर्तन करू लागली आणि दरबार सुरूच राहिला. इकडे या दोघांची दशा वाईट झाली. त्यांची रदबदली जो करील त्याला तोंड काळं करून गाढवावर बसावं लागेल, असं गुरूंनी जाहीर केलं होतं. लाहोरचे भाई लद्धा स्वतःच तोंड काळं करून, गाढवावर बसून आले आणि त्यांनी माफी मागितली. कथेत खरा रोगमुक्त माणूस हाच. दुसऱ्याच्या चुकीसाठी स्वतःची इज्जत त्याने सहज बाजूला ठेवली.

माफी मिळाल्यावर सत्ता-बलवंडांची वार गुरु ग्रंथ साहिबात आली. ती रामकली रागात अंग ९६६ पासून आहे, आठ पौड्यांची. गादी नानकांकडून लहणांकडे गेली, त्याबद्दल तिच्यात म्हटलं आहे की ज्योत तीच, रीत तीच, फक्त काया बदलली. 'आमच्यामुळे गुरू मोठे' म्हणणाऱ्यांना गुरूच्या देहाचंही मोठेपण उरलं नाही, ज्योतीचं तेवढं उरलं.

आजचं बोलायचं तर, कित्येक गुरुद्वारांत देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या पायरीपासून पंख्यापर्यंत दिसतात. आपल्या देवळांतही काही वेगळं नाही. यावर शीख मंडळीच आपापसात तिखट बोलतात. माझं मत विचाराल तर पायरीवर नाव कोरणाऱ्याने निदान ते रोज तुडवलं जातं याची तरी आठवण ठेवावी.

खोटी नम्रता कशी ओळखायची?

गुरु नानकांनी यासाठी एक झाड दिलं आहे: सिंबल, म्हणजे आपली काटेसावर (अंग ४७०). सरळसोट उंच, भलंमोठं. पाखरं आशेने येतात आणि निराश होऊन जातात. फळ बेचव, फुलाचा उपयोग नाही, पानंही कामाची नाहीत. माघ-फाल्गुनात सह्याद्रीत निष्पर्ण सावर लाल फुलांनी पेटलेली पाहिलेल्या मराठी माणसाला हे जरा अन्यायाचं वाटेल, आणि त्या फुलांवर मैना-बुलबुलांची झुंबड असते हेही खरं. पण दृष्टान्ताचा रोख एवढं उंच असूनही कुणाच्या उपयोगी न पडण्यावर आहे.

पुढे तराजू येतो. तराजूचं जड पारडं खाली झुकतं, हलकं वर जातं. तेव्हा झुकतो तो वजनदार. पण नानक इथे थांबत नाहीत. ते लगेच बजावतात की अपराधी दुप्पट वाकतो, हरणाची शिकार करणाऱ्या पारध्यासारखा. तोही कमरेत वाकलेला असतो, पण नेम धरण्यासाठी. मन अशुद्ध असेल तर डोकं टेकवून काय होणार?

याउलट उदाहरण हवं असेल तर वर सांगितलेल्या सत्ता-बलवंडांच्या वारमध्येच आहे. गुरु अंगदांच्या पत्नी माता खीवी यांच्याबद्दल तिथे म्हटलं आहे की त्यांची सावली दाट पानांची आहे आणि त्यांच्या लंगरमध्ये तूप घातलेली खीर वाटली जाते. काटेसावरीला जे जमत नाही ते नेमकं हेच.

उपवास, तीर्थयात्रा, संसारत्याग यांनी हउमै जाते का?

थोडक्यात, नाही. नववे गुरु तेगबहादूर म्हणतात की तीर्थ, व्रत, दान करून मनात गर्व धरला तर ते हत्तीच्या आंघोळीसारखं आहे. हत्ती न्हाऊन बाहेर येतो आणि सोंडेने धूळ उडवून घेतो.

मीपणा टाकला तर माणूस लेचापेचा होणार नाही का? अन्यायाला उत्तर कोण देणार?

त्याच गुरु तेगबहादुरांनी ज्ञानी माणसाची व्याख्या अशी केली आहे: जो कुणाला भय देत नाही आणि कुणाचं भय मानत नाही. दोन्ही अर्ध्या एकत्र घ्यायच्या. भय देणारा जसा हउमैत आहे, तसाच भिणाराही, कारण आपलं काहीतरी जाईल ही धास्ती 'मी'लाच असते. १६७५ मध्ये दिल्लीत त्यांनी शीर दिलं. रोजच्या अरदासीत, म्हणजे प्रार्थनेत, 'मन नीवां, मत उच्ची' असं मागणं असतं. मन नमतं राहो, बुद्धी उंच राहो. बुद्धी नमवायला सांगितलेली नाही.

आपल्या नामदेवांचा यात काही संबंध आहे का?

आहे, आणि भरपूर. नामदेवांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत. पंजाबातल्या घुमाणला त्यांची मोठी स्मृती आहे, २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं होतं.

पण या विषयात सगळ्यात कामाची जागा कबीरांच्या सलोकांमध्ये आहे (अंग १३७५-७६). तिथे नामदेव आणि त्रिलोचन या दोन मित्रांचा संवाद येतो. त्रिलोचन टोमणा मारतात, नाम्या, तुला मायेने भुलवलंय. कापडं छापत काय बसला आहेस, रामाकडे चित्त का लावत नाहीस? या प्रश्नात धार्मिक माणसाची हउमै छान पकडली आहे: मी भजन करतो, तू धंदा करतोस. नामदेव वाद घालत नाहीत. म्हणतात, त्रिलोचना, तोंडाने राम आठव, हातापायांनी सगळं काम कर आणि चित्त निरंजनापाशी ठेव.

उत्तर देऊन झाल्यावर नामा पुन्हा कापड छापायला बसला असणार, असं मला आपलं वाटतं.